चमक आणि कस : गॅमा किरण स्फोटांची ओळख कशी पटते

१७ ऑगस्ट २०१७. भारतात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘फर्मी’ या उपग्रहाच्या उपकरणावर गॅमा किरणांची एक अंधूक चमक उमटली आणि सुमारे दोन सेकंदांत मावळली. ठरल्याप्रमाणे उपग्रहाने जमिनीवर आपोआप संदेश पाठवला. अशा दोनशेच्या वर चमका फर्मीला दरवर्षी दिसतात, त्यामुळे एवढ्यावर कुणाची धावपळ उडाली नसती. पण काही मिनिटांतच अमेरिकेतल्या हॅनफर्ड इथल्या लायगो वेधशाळेच्या नोंदीत दुसरंच काही सापडलं. दोन जड वस्तू एकमेकींभोवती घिरट्या घालत, वेग वाढवत, अखेर एकमेकींवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी तिथे नोंदल्या गेल्या होत्या. त्या टकरीचा क्षण चमकेच्या फक्त १.७ सेकंद आधीचा होता.

या १.७ सेकंदांनी पन्नास वर्षं रेंगाळलेल्या एका प्रश्नाचं अर्धं उत्तर पक्कं केलं. उरलेलं अर्धं उत्तर आधीच हाती आलं होतं. गॅमा किरण स्फोट हे आपल्याला माहीत असलेले सगळ्यांत तेजस्वी स्फोट. सूर्य त्याच्या सुमारे हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, त्या तोलाची ऊर्जा एखादा स्फोट काही सेकंदांत बाहेर टाकतो. प्रश्न असा होता, की हे फुटतं तरी काय?

या प्रश्नाची सुरुवात खगोलशास्त्रात झालीच नाही. १९६३ मध्ये वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाच्या उपग्रहांच्या जोड्या खूप उंच कक्षांत सोडल्या. अणुस्फोटातून गॅमा किरणांची लाट बाहेर पडते आणि ती टिपणं हे या उपग्रहांचं काम होतं. लॉस अलामोस प्रयोगशाळेतले रे क्लेबसॅडेल आणि रॉय ओल्सन १९६९ मध्ये जुन्या नोंदी चाळत होते. तेव्हा २ जुलै १९६७ या तारखेला एक विचित्र चमक नोंदलेली त्यांना दिसली. बॉम्बच्या चमकेचा चढउतार त्यांना ठाऊक होता आणि ही चमक त्यात बसत नव्हती.

पुढच्या वेला उपग्रहांची घड्याळं जास्त अचूक होती. दोन उपग्रह एकमेकांपासून लाख-दोन लाख किलोमीटर दूर असले, तर एकच चमक दोघांपर्यंत सेकंदाच्या काही भागाच्या फरकाने पोचते. आधी कुणाला दिसली आणि नंतर कुणाला, यावरून ती कोणत्या बाजूने आली ते काढता येतं. हिशेब केल्यावर दिसलं, की या चमका पृथ्वीकडून येत नव्हत्या आणि सूर्याकडूनही येत नव्हत्या. १९७३ मध्ये अशा सोळा चमकांची माहिती प्रसिद्ध झाली. वेळेच्या फरकावरून दिशा काढण्याची ही युक्ती लक्षात ठेवू या, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात, म्हणून ते पाहायला अवकाशातच जावं लागतं. शिवाय साध्या आरशाने ते एका बिंदूवर गोळा करता येत नाहीत. परिणामी, स्फोट आकाशाच्या साधारण कोणत्या भागात झाला एवढंच कळायचं आणि त्या भागात हजारो तारे आणि दीर्घिका असायच्या. त्यांतला गुन्हेगार कोण, हे ओळखणं अशक्य होतं.

१९९१ साली सुटलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवर ‘बॅट्से’ नावाचं उपकरण होतं. त्याने नऊ वर्षांत सत्तावीसशेच्या वर स्फोट नोंदले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले होते, आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी मुळीच नव्हती. म्हणजे ते आपल्या आकाशगंगेतले नसावेत. पण आणखी एक गोष्ट दिसली. १९९३ मध्ये क्रिसा कुव्हेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक स्फोट किती वेळ टिकला याचा आलेख काढला, तेव्हा त्यात दोन टेकड्या उभ्या राहिल्या आणि मधे खिंड पडली. एका टेकडीवरचे स्फोट सेकंदाच्या अंशभर टिकणारे होते, तर दुसरीवरचे दहा, वीस, शंभर सेकंदांचे. खिंड पडली होती दोन सेकंदांपाशी. शिवाय छोट्या स्फोटांचे गॅमा किरण सरासरीने जास्त ऊर्जेचे होते. एकाच प्रकारच्या घटनेतून हे घडणं अवघड होतं. बहुधा दोन वेगळे उगम असावेत, असा तर्क बांधला गेला. दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर दीर्घ स्फोट आणि कमी टिकला तर लघु स्फोट, अशी विभागणी रूढ झाली.

आधी उलगडा झाला दीर्घ स्फोटांचा. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने एक स्फोट पकडला आणि काही तासांत आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली. स्फोट विझला होता, पण त्या जागी क्ष-किरणांत मंदावत जाणारी धग होती. चूल विझल्यावर निखारे धुमसत राहतात, तशी. क्ष-किरणांनी जागा बरीच नेमकी सांगितल्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणींना तीच धग दृश्य प्रकाशातही सापडली. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या दुसऱ्या एका स्फोटाच्या अशा धगीचा वर्णपट हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने घेतला. तो प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे सातशे कोटी वर्षं लागली होती, असं त्यावरून निघालं. स्फोट आपल्या आकाशगंगेबाहेरचे आहेत, एवढंच नव्हे, तर विश्वाच्या फार दूरच्या भागातून येतात, हे आता पक्कं झालं.

मग ऊर्जेचा हिशेब अंगावर आला. स्फोट सगळ्या दिशांना सारखा उजळत असेल, तर इतक्या अंतरावरून इतका प्रखर दिसण्यासाठी लागणारी ऊर्जा कुठल्याही ताऱ्याला न झेपणारी होती. यातून वाट निघाली ती झोताची. ऊर्जा दोन विरुद्ध दिशांना, काही अंशांच्या अरुंद झोतात बाहेर पडते. अंधारात बॅटरीचा झोत थेट डोळ्यांवर आला तर दिपवून टाकतो आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तो जेमतेम जाणवतो. तसंच इथे होतं. आपल्याला दिसणारे स्फोट म्हणजे ज्यांचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला आहे असे, आणि न दिसणारे त्यांच्या कितीतरी पट.

असा झोत तयार कसा होतो? सूर्याच्या कित्येक पट वजनाचा तारा आयुष्याच्या शेवटी पोचला, की त्याच्या गाभ्यात लोखंड साचतं. लोखंडाच्या अणुगर्भांची जुळणी करून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे आतून बाहेर रेटणारा आधार संपतो आणि गाभा स्वतःच्या वजनाने कोसळतो. तारा वेगाने फिरत असेल, तर मधोमध कृष्णविवर तयार होतं आणि भोवतालचा माल सरळ आत न पडता तबकडीसारखा त्याच्याभोवती फिरत राहतो. या तबकडीतून कृष्णविवराला इंधन मिळत राहतं आणि अक्षाच्या दोन्ही टोकांकडे प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेले झोत सुटतात. हे चित्र स्टॅन वूझ्ली यांनी १९९३ मध्ये मांडलं.

पण झोत सुटतो तो ताऱ्याच्या पोटात. त्याला आधी बाहेरची थरावर थर असलेली कवचं भेदावी लागतात. बोअरवेलच्या यंत्राला पाणी लागेपर्यंत खोदत राहावं लागतं, मधेच यंत्र बंद पडलं तर नुसतं कोरडं भोक उरतं. झोतालाही ताऱ्याबाहेर पडायला साधारण दहा सेकंद लागतात आणि त्यापुढे जितका वेळ कृष्णविवराचं यंत्र चालेल, तितका वेळ आपल्याला चमक दिसते. म्हणून हे स्फोट दीर्घ. आणि म्हणूनच तारा आटोपशीर असावा लागतो. ज्या ताऱ्याने हायड्रोजनचं बाहेरचं फुगीर आवरण आधीच गमावलं आहे, त्यातूनच झोत बाहेर येऊ शकतो. सूर्याच्या शेकडो पट फुगलेला तांबडा महाकाय तारा भेदायला प्रकाशालाही कित्येक मिनिटं लागतील, तिथे झोत आतच गुदमरतो.

पुरावा काय मिळायला हवा, हे यावरून ठरलं. झोतामागोमाग सगळा ताराच फुटतो, म्हणून धग ओसरल्यावर त्याच जागी अतिनवतारा उजळायला हवा आणि त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या खुणा नसाव्यात. १९९८ मध्ये अशी एक जोडी दिसली होती, पण तो गॅमा स्फोट इतका दुबळा होता की शंका राहिली. २९ मार्च २००३ च्या स्फोटाने ती मिटवली. हा दीर्घ स्फोट सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे या मोजपट्टीवर शेजारचा. सुरुवातीचे दिवस त्याच्या धगीचा वर्णपट सपाट होता. आठवड्याभरात त्यात रुंद उंचवटे वर येऊ लागले आणि ते १९९८ च्या त्या अतिनवताऱ्याशी तंतोतंत जुळले. पहिला उगम सापडला : मरणारा, वेगाने फिरणारा जड तारा.

लघु स्फोटांचा संशयित ठरलेला होता, पण त्याला पकडणं अवघड होतं. हा संशयित म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या दीडपट वजन पुणे शहरात मावेल एवढ्या गोळ्यात दाबलेलं. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावतात, त्यामुळे जवळ सरकत जातात आणि कोट्यवधी वर्षांनी आदळतात. इथे भेदायला ताऱ्याचं कवच नसतं, आणि तबकडीत माल इतका थोडा असतो की तो सेकंदाच्या आसपास संपून जातो. म्हणून चमक लघु. ‘स्विफ्ट’ उपग्रहामुळे २००५ पासून लघु स्फोटांची धगही सापडू लागली. त्यांतले काही स्फोट अशा म्हाताऱ्या दीर्घिकांत दिसले, जिथे नवे तारे जवळजवळ जन्मत नाहीत. जड तारे अल्पायुषी असतात, ते तिथे असणारच नाहीत. तरीही हा सगळा परिस्थितीजन्य पुरावा होता.

आता परत त्या १७ ऑगस्टच्या संध्याकाळकडे येऊ. लायगोची दुसरी वेधशाळा लिव्हिंग्स्टनला आहे. तिच्या नोंदीत टकरीच्या सेकंदभर आधी नेमकी एक खरखर शिरली होती, त्यामुळे संगणकाने ती नोंद बाजूला टाकली. माणसांनी आलेख उघडून पाहिल्यावर दिसलं, की खरखरीच्या आत तीच चढत जाणारी रेघ स्पष्ट आहे. इटलीतल्या ‘व्हर्गो’ वेधशाळेला मात्र जवळजवळ काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि हेही उपयोगी ठरलं. अशा प्रत्येक वेधशाळेला आकाशात काही आंधळे भाग असतात आणि व्हर्गो गप्प राहिली याचा अर्थ स्रोत तिच्या आंधळ्या भागाजवळ होता. आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या गॅमा किरण टिपणाऱ्या उपकरणालाही चमक दिसली नाही, कारण त्या क्षणी स्रोत त्याच्या दृष्टीने पृथ्वीच्या आड होता. त्यानेही शोधाचा प्रदेश आकुंचित केला. न दिसणं हीसुद्धा नोंद असते, ती अशी.

शोधायचं क्षेत्र आता तीसएक चौरस अंशांवर आलं. लहरींच्या चढावावरून दोघांचं मिळून वजन सूर्याच्या पावणेतीनपट निघालं, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांना शोभणारं, आणि अंतर सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षं. त्या प्रदेशात त्या अंतरावरच्या दीर्घिका मोजक्याच होत्या. चिलीमधल्या लास कंपानास इथे रात्र होताच एक मीटर व्यासाच्या ‘स्वोप’ दुर्बिणीने त्या एकेक करून पाहायला घेतल्या. टकरीनंतर अकरा तासांच्या आत वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत आधी नसलेला एक ठिपका सापडला. ही दीर्घिका म्हाताऱ्या ताऱ्यांचीच होती.

तो ठिपका पहिल्या दिवशी निळसर होता. दोन-तीन दिवसांत निळेपणा झपाट्याने ओसरला आणि प्रकाश लाल होत होत अवरक्तात सरकला. कोणताही अतिनवतारा इतक्या घाईने विझत नाही. टकरीत सूर्याच्या काही टक्के वजनाइतका न्यूट्रॉनांनी ठासून भरलेला माल प्रकाशाच्या वेगाच्या दशांशाहून जास्त वेगाने उधळला गेला होता. त्यात अणुगर्भांनी एकापाठोपाठ एक न्यूट्रॉन गिळले आणि जड मूलद्रव्यं तयार झाली. ती किरणोत्सर्गी असल्यामुळे त्यांच्या क्षयाची उष्णता या ढगाला उजळवते. जड मूलद्रव्यांचे अणू निळा प्रकाश अडवतात, म्हणून ढग लाल दिसतो. या आविष्काराला ‘किलोनोव्हा’ म्हणतात. सोनं आणि प्लॅटिनम तिथे घडलं, असं आपण वाचतो. ते या निवण्याच्या वेगावरून आणि रंगावरून काढलेलं अनुमान आहे. वर्णपटात नावानिशी ओळखू आलेलं मूलद्रव्य होतं स्ट्रॉन्शियम.

एक कोडं मात्र उरलं होतं. इतक्या जवळचा स्फोट इतका अंधूक का? हजारो पटींनी दुबळा का? त्याचं उत्तर रेडिओ दुर्बिणींनी दिलं आणि त्यांत नारायणगावाजवळच्या खोडद इथली जीएमआरटीही होती. रेडिओ लहरींची धग पहिले काही महिने मंदावण्याऐवजी वाढतच गेली आणि सुमारे पाच महिन्यांनी उतरू लागली. झोत आपल्याकडे रोखलेला नसेल, तर असंच व्हायला हवं. सुरुवातीला प्रकाश बाजूने निघून जातो, पुढे झोत मंदावून पसरला की आपणही त्याच्या वाटेत येतो. कुणाल मुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जगभरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून तो ठिपका सरकताना मोजला. झोत होता, आणि तो आपल्यापासून सुमारे वीस अंश बाजूला रोखलेला होता. दुसरा उगमही असा सापडला.

दोन टेकड्या, दोन उगम. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट आला. तो पन्नास सेकंदांच्या आसपास टिकला, म्हणजे दोन सेकंदांच्या नियमाने बिनतक्रार दीर्घ. तो सुमारे एकशे दहा कोटी प्रकाशवर्षांवर होता, म्हणून अतिनवतारा असता तर सहज दिसला असता. जिलियन रस्तिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, तर अतिनवताऱ्याचा मागमूस नव्हता. होती ती अवरक्तात झटपट विझणारी लाल धग, २०१७ च्या किलोनोव्हाची जणू प्रतिकृती. मार्च २०२३ मधल्या अशाच एका दीर्घ स्फोटाच्या राखेत जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण दिसली.

उलट बाजूने २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट जेमतेम सेकंदभर टिकला आणि त्याच्यामागे अतिनवतारा निघाला. बोअरवेलचीच गोष्ट : पाणी लागलं आणि लगेच यंत्र बंद पडलं. झोताचा बहुतेक वेळ तारा भेदण्यात गेला आणि बाहेर सेकंदभरच चमक उरली. पन्नास सेकंदांची टक्कर मात्र अजून नीट समजलेली नाही. न्यूट्रॉन तारा आणि श्वेत बटू यांची गाठ, किंवा टकरीनंतर उरलेला प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन तारा, असे पर्याय मांडले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये लायगो दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे लहरींची साक्ष मिळालीच नाही.

सोनार दागिन्याची चमक पाहून निवाडा देत नाही. तो दागिना कसोटीच्या दगडावर घासतो आणि मागे राहिलेल्या रेघेचा कस पाहतो. गॅमा किरण स्फोटांचंही तेच आहे. उगम दोनच मानले जातात, त्याला धक्का लागलेला नाही, पण चमक किती सेकंद टिकली यावरून ते ओळखता येतात हा समज मोडला आहे. निवाडा करते ती मागे उरलेली राख : दोन-तीन आठवड्यांत उजळणारा हायड्रोजनविरहित अतिनवतारा, की आठवड्याभरात लाल होऊन विझणारा किलोनोव्हा.

आणि राख लवकर सापडायची, तर जागा लवकर कळायला हवी. २०१७ मध्ये ॲस्ट्रोसॅटच्या आड पृथ्वी आली होती. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने आखलेल्या ‘दक्ष’ या प्रस्तावात म्हणूनच दोन उपग्रह पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना फिरते ठेवायची कल्पना आहे, म्हणजे आकाशाचा कुठलाच कोपरा झाकला जाऊ नये. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहणार आहे, तिला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिका आणि इटलीपासून इतक्या दूर असलेल्या कानावर तीच लहर सेकंदाच्या काही हजारांश भागांच्या फरकाने येईल आणि त्या फरकावरून स्रोताची दिशा आजच्यापेक्षा नेमकी निघेल. वेलाच्या काळातली ती युक्ती साठ वर्षांनी औंढ्याच्या माळावर पुन्हा कामाला येईल.